मदत हवी आहे: १४ वरून ११ लाखांवर जायची तयारी आहे, रिक्रूटरला काय लिहू?

निगडीकर_डिझाइन: चाकणला ऑटो कंपनीत मेकॅनिकल डिझाइनला आहे, पगार १४ लाख (पीएफ वेगळा). खराडीत डेटा अ‍ॅनालिस्टची नोकरी मिळतेय, ११ लाख. रिक्रूटर म्हणते, "कमी पगार का चालेल आणि अटी काय, ते मेलवर लिहा." ऑफर लेटर अजून आलेलं नाही.

जुना_पेठकर: का चालेल ते कशाला सांगायचं? जुना पगारच सांगू नका, सरळ १४ मागा.

पेस्लिप_वाचक: पेठकर, ऑफरआधी बहुतेक ठिकाणी तीन महिन्यांच्या पेस्लिप मागतात. लपवाछपवी तिथेच उघडी पडते.

निगडीकर, तुम्ही सहा महिन्यांत जुन्या क्षेत्रात परत पळाल, ही तिची भीती आहे. "शिकायची आवड आहे" लिहून ती जात नाही, हिशोब दाखवल्यावर जाते. सध्याच्या नव्या करप्रणालीत १४ लाखांवर ७५ हजारांची वजावट धरून सेससकट ८१,९०० रुपये कर बसतो, ११ लाखांवर शून्य. म्हणजे तोटा तीन लाखांचा नाही, २,१८,१०० चा. महिन्याला साधारण १८ हजार. तेवढा खर्च कुठून भागवणार, ते एका वाक्यात लिहा.

अटी दोनच ठेवा. मेल इंग्रजीत जाईल, मजकूर साधारण असा:

"११ लाख फिक्स्ड मान्य आहे, त्यात व्हेरिएबल धरलेला नसावा. रुजू झाल्यापासून सहा महिन्यांनी, ठरलेले दोन डॅशबोर्ड स्वतंत्रपणे चालवत असल्यास, पगार १२.५ लाख व्हावा. आठवड्यातून दोन दिवस घरून काम. दोन्ही गोष्टी ऑफर लेटरमध्ये याव्यात."

नुसतं 'रिव्ह्यू होईल' लिहून घेऊ नका. रिव्ह्यू होतो आणि वाढ शून्य येते. तारीख, निकष आणि रक्कम तिन्ही हवेत. एप्रिलच्या अप्रेझलला उशिरा रुजू झालेल्यांना पुष्कळदा वगळतात, तेही आत्ताच विचारून घ्या.

कोथरूडची_मीरा: माझा नोटीस पिरियड ९० दिवसांचा आहे, बायआउट कोण भरतं?

पेस्लिप_वाचक: मीराताई, त्यासाठी वेगळा धागा काढा ना.

हिशोबी_पोरगा: त्यापेक्षा जॉइनिंग बोनस मागा, एक लाख. रोख हातात येतो.

पेस्लिप_वाचक: कल्पना वाईट नाही. ११ आणि १ मिळून १२ होतात, १२.७५ च्या आत, म्हणजे करही नाही. पण वर्षाच्या आत सोडलं तर तो परत घेण्याचं कलम सहसा असतं, आणि पुढच्या वर्षी पगार पुन्हा ११ वरच. मूळ पगार वाढवून घेतलेला बरा.

निगडीकर_डिझाइन: आत्ताच फोन झाला. घरून काम मान्य. वाढीची रक्कम लेटरमध्ये घालणं 'पॉलिसीत बसत नाही' म्हणतात.

पेस्लिप_वाचक: मग हायरिंग मॅनेजरकडून कंपनीच्या मेलवर तारीख आणि निकष तरी घ्या. लेटरइतकं वजन नाही त्याला, पण मॅनेजर बदलला तर दाखवायला कागद राहतो.

जुना_पेठकर: मेलला कोण विचारतो हो? रक्कम नाही तर मी सही करणार नाही.