आल्याचा चहा : पातेल्यात आधी काय, मग काय? (अनुभव धागा)

आमच्याकडे परवा पाहुण्यांसमोर आल्याचा चहा फाटला. दूध ताजं होतं, सकाळीच तापवलेलं. जाऊबाई म्हणाल्या, "आलं शेवटी घालायचं." सासूबाई म्हणाल्या, "आलं पहिल्यांदा." नवऱ्याचं म्हणणं, आलंच नको. म्हणून हा धागा. पाणी, चहा पावडर, साखर, आलं, दूध यांचा तुमचा क्रम सांगा आणि तो का ठरला तेही सांगा. चहा फाटल्याचे किस्से तर हवेतच. नुसतं "आमच्याकडे असंच करतात" चालणार नाही.

आधणवाली
सासूबाईंना माझं मत. दोन कपांना मी सव्वा कप पाणी घेते आणि पाऊण कप दूध. पाणी गॅसवर ठेवलं की लगेच ठेचलेलं आलं टाकते, अंगठ्याच्या पेराएवढा तुकडा. उकळी आल्यावर तीन-चार मिनिटं तसंच खळखळू देते. पाण्याला पिवळसर रंग येतो आणि वाफेत आल्याचा झणका लागतो, तो लागला की साखर आणि दोन सपाट चमचे पावडर. ती पाण्यात मिनिटभर उकळली की दूध. मग एकदा वर आलं की आच कमी करायची, पुन्हा वर येऊ द्यायचं आणि उतरवायचं. या क्रमात चहा फाटल्याचं मला आठवत नाही.

कडकमिठ्ठी
साखर शेवटीच घाला हो! आधी घातली तर पावडरीचा रंगच उतरत नाही, साखर पाणी "धरून" ठेवते. माझ्या आईचा नियम आहे हा.

आधणवाली
कडकमिठ्ठी, दोन चमचे साखरेने पाणी काही पाक होत नाही. करून बघा, एका पातेल्यात आधी, एकात नंतर. रंगात मला तरी फरक दिसत नाही. नंतर घालण्याचा फायदा वेगळाच: प्रत्येकाच्या कपात हवी तेवढी घालता येते.

कडकमिठ्ठी
आईला सांगून बघते. ऐकणार नाही.

जुना_रसायनवाला
चहा फाटण्याबद्दल लिहितो, कारण इथे दोष बहुतेक वेळा चुकीच्या जिन्नसावर जातो. ताज्या आल्यात झिंजिबेन नावाचं एन्झाइम असतं. कच्च्या पपईत जे मांस मऊ करतं, त्याच जातीचं. ते दुधातल्या केसीन या प्रथिनाचे तुकडे करतं आणि दूध धरून बसतं. थंड दुधात त्याचं काम रेंगाळतं, कोमट ते गरम अशा टप्प्यात, साधारण ६० ते ७० अंशांच्या आसपास, ते जोरात चालतं आणि उकळत्या पाण्यात काही मिनिटांत ते मरतं.

आता धागाकर्तीच्या चहाचं काय झालं असावं ते बघा. थंड दूध पातेल्यात, त्यात किसलेलं कच्चं आलं, मग मंद आच. दूध हळूहळू तापतं, म्हणजे नेमका तो धोक्याचा टप्पा सावकाश ओलांडतं. आलं किसलेलं असेल तर रस लगेच बाहेर, काम आणखी सोपं. उकळी येईपर्यंत बारीक कण दिसायला लागतात. आधणवालीताईंच्या पद्धतीत आलं आधीच उकळून निघालेलं असतं, दुधाची भेट एन्झाइमशी होतच नाही.

धागाकर्ती
अगदी हेच! जाऊबाईंनी दूध-पाणी एकत्र ठेवून वरून आलं किसलं होतं. पण मग शेवटी, खळाखळा उकळत्या चहात आलं टाकलं तर?

जुना_रसायनवाला
तिथे एन्झाइमला वेळच मिळत नाही, म्हणून बहुतेकदा फाटत नाही. पण "बहुतेकदा" असंच म्हणेन. गॅस बंद करून चहा झाकताना आलं टाकलं तर मी हमी देणार नाही. शिवाय तसं आलं चवीला कच्चं आणि तिखट लागतं, उकळलं की तो तिखटपणा मवाळ होतो.

फक्त_साधा_चहा
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. मी आलं घालतच नाही, तरी दूध फाटतं. गाळून कपात ओतलं की पाणी आणि गुठळ्या वेगळ्या. पावडर बदलली, तरी तेच. कोणती पावडर चांगली?

आधणवाली
पावडरीचा काय दोष! दूध आंबायला लागलेलं असणार. थंड असताना वासाने कळत नाही, तापवलं की फाटतं. चहा करण्याआधी चमचाभर दूध छोट्या वाटीत एकटंच उकळून बघा. फाटलं, तर आलं-चहाचा विषय संपला. आल्यामुळे फाटतं तेव्हा एकटं दूध नीट उकळतं, ही खूण लक्षात ठेवा.

गुळवाला
मी गुळाचा चहा करतो. गूळ आधणात घातला की दुधाचा हमखास कचरा. आता गॅस बंद केल्यावर, पातेलं खाली उतरवून गूळ घालतो आणि ढवळून लगेच गाळतो. तरीही एखाद्या गुळाने फाटतोच, त्याचं काही कळत नाही. दुसरा गूळ आणला की ठीक. हा गुळाचा आंबटपणा म्हणायचा का?

पत्तीप्रेमी
इथे सगळे दाणेदार पावडरीबद्दल बोलताहेत. लांब पानाचा चहा असेल तर सगळं बदलतं. दाणेदार पावडर दुधाबरोबर तीन-चार मिनिटं उकळली तरी निभावते, कारण दुधातलं केसीन तुरटपणा धरून घेतं. लांब पान तसं उकळलं की त्याचा सुगंध उडतो आणि उरतो तुरटपणा. मी पान आधणात टाकून गॅस बंद करतो, तीनेक मिनिटं झाकून ठेवतो, गाळतो आणि मग वेगळं तापवलेलं दूध मिसळतो. आलं मात्र मीही आधणातच उकळतो, पानाच्या आधी.

कडकमिठ्ठी
म्हणजे माझा चहा पांढरट का होतो ते कळलं! मी पावडर आणि दूध एकदमच टाकते.

पत्तीप्रेमी
होऊ शकतं. दूध आलं की पाणी एकदम गार होतं आणि पावडरीचा अर्क सावकाश उतरतो. आधी मिनिट-दीड मिनिट नुसत्या पाण्यात खळखळू द्या. पाण्याचा रंग वीटकरी झाला की दूध. त्याहून जास्त उकळून उपयोग नाही, रंग गडद होतो तशी घशाला बसणारी तुरटीही वाढते.

फक्त_साधा_चहा
चमचाभर दूध उकळून बघितलं. फाटलं. फ्रीजचं दार नीट लागत नाही असं घरात कोणीतरी म्हणत होतं, मी लक्ष दिलं नव्हतं.

सुंठवाली
आलं नसलं की मी सुंठ पूड घालते, तीही थेट दुधात, आणि अजून फाटलं नाही. वाळवताना ते एन्झाइम कमी होत असेल का, रसायनवाले काका? की माझं नशीब?

जुना_रसायनवाला
वाळवल्याने कमी व्हावं असा माझा अंदाज. पण सुंठ कशी वाळवली, उन्हात की उष्णतेवर, यावर ते अवलंबून असेल. खात्री हवी तर थोडं कोमट दूध दोन वाट्यांत घ्या, एकात सुंठ, एकात ताज्या आल्याचा रस, आणि अर्धा तास ठेवून बघा. कळवा इथे.

सुंठवाली
आज संध्याकाळी करते. दूध मात्र जाऊबाईंच्या हातचं नको.

धागाकर्ती
जाऊबाई हा धागा वाचतात बरं का!