मदत हवी: दोन चेअरच्या डेंटल क्लिनिकचा लेआउट (सोमवारी फरशी फुटणार आहे)

दंतमंजिरी

नमस्कार. मी आणि नवरा मिळून दोन चेअरचं क्लिनिक सुरू करतोय. गाळा आतून १४ बाय ३२ फूट. दार पुढच्या १४ फुटी बाजूला, संडास मागच्या उजव्या कोपऱ्यात. सुताराने काढलेला प्लॅन असा आहे: पुढे वेटिंग आणि रिसेप्शन, मध्ये कन्सल्टिंग केबिन, मागे दोन चेअरच्या खोल्या शेजारी शेजारी. स्टरलायझेशनला जागाच उरत नाही. तो म्हणतो, संडासाबाहेर ओटा करून देतो.

एवढंच सांगा, स्टरलायझेशन कुठे बसवू? सोमवारी पाइपांसाठी फरशी फोडायला माणसं येतायत. आणि कृपा करून "आर्किटेक्टला विचारा" लिहू नका. विचारलं. त्यांनी जन्मभर बंगले बांधलेत.

सुबक

अभिनंदन! वेटिंगमध्ये हलका हिरवा रंग द्या, पेशंट शांत राहतात. सोफे नकोत, सुट्या खुर्च्या ठेवा. लोगो केलाय का?

दंतमंजिरी

लोगो नंतर. स्टरलायझेशन?

जुनी_दाढ

मंजिरीताई, स्टरलायझेशनच्या आधी दुसरीच गोष्ट बघा. १४ फुटांत दोन खोल्या शेजारी शेजारी म्हणजे पार्टिशन वजा जाता प्रत्येकी पावणेसात फूट. चेअरला दोन फूट, डॉक्टरच्या बाजूला स्टूल फिरायला अडीच फूट, असिस्टंटला दोन. साडेसहा तिथेच संपले. कपाट, बेसिन कुठे लावणार? कागदावर बसतं, पण पहिल्याच दिवशी असिस्टंट भिंतीला पाठ घासत सक्शन धरेल. रुंदी निदान साडेआठ-नऊ फूट हवी.

आणि विचारायचं राहिलं: गाळा तळमजल्यावर आहे का? दोघेही एकाच वेळी काम करणार का? चेअर कुठल्या घेतल्यात, ते नक्की झालंय का?

निखळ_सत्य

जुनी_दाढ यांच्याशी असहमत. मी सात फुटांत काम करतो, काही अडत नाही. आणि वेगळी स्टरलायझेशन खोली ही फॅशन आहे. ऑटोक्लेव्ह चेअरच्याच खोलीत ओट्यावर ठेवा, हात लांबवला की काम.

जुनी_दाढ

सात फुटांत एकट्याने, असिस्टंटशिवाय चालतं, तुमचं तसंच असेल. पण चेअरशेजारच्या ओट्यावर हत्यारं घासायची म्हणजे पेशंटच्या डोक्यामागे रक्ताचं पाणी उडणार. त्यातच धुतलेलं न धुतलेल्याशेजारी. शिवाय सायकल संपली की वाफ आणि उष्णता त्याच खोलीत. ऑटोक्लेव्ह कुठे ठेवायचा हा प्रश्नच नाही. खराब ट्रे आणि निर्जंतुक पाउच एकाच वाटेवर समोरासमोर येऊ नयेत, तेवढं जमलं की बाकी सगळं जमतं.

दंतमंजिरी

हो, दोघेही एकाच वेळी काम करणार. गाळा पहिल्या मजल्यावर आहे, लिहिलं नव्हतं का? लिफ्ट आहे. चेअर ठरल्यात, डिलिव्हरी महिन्याने.

ओळंबा

ताई, पहिला मजला?! मग फरशी कसली फोडताय? खाली स्लॅब आहे. फरशी आणि तिचा थर मिळून दोन-तीन इंच, त्यात ड्रेनचा पाइप बसेल, पण उतार कुठून आणणार? स्पिटूनच्या पाण्यात रक्ताच्या गाठी असतात, पॉलिशिंगचा गाळ असतो. उतार नसला की सहा महिन्यांत तुंबतो आणि वास चेअरच्या बुडातून येतो. मी असे दोन दवाखाने पुन्हा उकरलेत.

साधा हिशोब करा. पुढच्या चेअरपासून संडासाच्या लाइनपर्यंत २० फूट धरा. ८० ला १ उतार म्हणजे शेवटी ३ इंच. वर पाइपाचे २. म्हणजे चेअरखाली ५ इंच लागणार, वर फरशी धरून जवळपास ६. स्लॅबमध्ये नसतील तर मजला तेवढा उचलावा लागेल, किंवा खालच्या गाळ्याच्या छताला पाइप टांगावा लागेल.

वाट_पाहणारा

मी डॉक्टर नाही, पेशंट आहे. एकच विनंती: दोन चेअर असल्या म्हणजे एका चेअरवर माणसाला झोपवून दुसरीकडे निघून जाऊ नका. तोंडात कापूस घेऊन छताकडे बघत बसलो की वेळ सरता सरत नाही. आमच्या इथे पाऊण तास तसंच.

निखळ_सत्य

वाट_पाहणारा, कधीकधी भूल चढायला चार-पाच मिनिटं द्यावीच लागतात हो.

वाट_पाहणारा

चार-पाच मिनिटांची तक्रार कोण करतंय?

जुनी_दाढ

मंजिरीताई, पहिला मजला आणि दोन डॉक्टर, आता चित्र स्पष्ट झालं. मी असं करेन.

कन्सल्टिंग केबिन काढून टाका, बोलणं चेअरवरच होतं. उजव्या भिंतीला लागून साडेतीन फुटांचा पॅसेज पुढून थेट संडासापर्यंत. सगळ्या खोल्या डावीकडे, एकामागोमाग एक. पुढे वेटिंग ८ फूट, मग पहिली खोली ९, मध्ये स्टरलायझेशन ५, शेवटी दुसरी खोली ९. तीन पार्टिशनचा मिळून एक फूट, झाले ३२. खोलीची लांबी १० फूट मिळते. चेअरचं डोकं डाव्या भिंतीकडे, पाय पॅसेजकडे. आडवी झालेली चेअर सहा फूट, डोक्यामागे दोन फूट, पायाशी दोन. डोक्यामागच्या दोन फुटांवर तडजोड नको, वरच्या दाढांची कामं तिथूनच होतात.

संडास साडेतीन बाय पाच असेल तर तो पॅसेजच्या शेवटी बसतो, पण दुसऱ्या खोलीचं दार त्याच्या अलीकडच्या चार फुटांतच काढावं लागेल. सरकतं दार करा.

आता स्टरलायझेशन. पाच फुटांत दोन्ही बाजूंना दीड-दीड फुटाचे ओटे, मध्ये दोन फूट, एक माणूस उभा राहील. पॅसेजच्या दाराजवळ खराब ट्रे, बेसिन, अल्ट्रासॉनिक. मग सुकवणं, पाउच भरणं, आणि सगळ्यात आत ऑटोक्लेव्ह. तिथेच, आतल्या टोकाला, दोन्ही चेअरच्या खोल्यांत उघडणारी एकेक छोटी खिडकी ठेवा. खराब माल दाराने आत येतो, स्वच्छ माल खिडकीतून बाहेर जातो. मागे फिरायची वेळच येत नाही.

एक विचारायचं राहिलं. दोघेही उजव्या हाताने काम करता ना?

दंतमंजिरी

मी उजवी. नवरा डावखुरा. तो म्हणतो, हे कशाला विचारताय?

जुनी_दाढ

कारण सुतार आता म्हणेल की दोन्ही खोल्या आरशासारख्या करू, मधल्या भिंतीत पाइप वाचतात. एरवी मी ते मोडूनच काढतो. दोघे उजव्या हाताचे असले तर एका खोलीत सगळं उलटं होतं आणि दुसरी खोली नावडती बनून राहते. पण तुमच्याकडे ते नेमकं जुळतंय. डोकं डावीकडे असलं की पेशंटची उजवी बाजू रस्त्याकडे येते. पुढच्या खोलीत तुम्ही त्या बाजूला बसाल, म्हणजे तुमची असिस्टंट स्टरलायझेशनच्या भिंतीला लागून. मागच्या खोलीत ते मागच्या भिंतीकडे बसतील, त्यांचीही असिस्टंट त्याच स्टरलायझेशनच्या दुसऱ्या अंगाला. दोघींनाही खिडकी हाताशी.

फक्त चेअरवाल्याला आजच विचारा, दुसऱ्या चेअरचं युनिट डाव्या हाताला लागतं का. आणि दोन्ही चेअरचा जमिनीचा टेम्पलेट कागदावर मागवा. पाणी, हवा, ड्रेन, वायर कुठून वर येतात ते कंपनीगणिक बदलतं. तो कागद हातात नसताना छिन्नी लावू देऊ नका.

निखळ_सत्य

आणि उद्या एखादा उजव्या हाताचा ऑर्थोडॉन्टिस्ट व्हिजिटला आला की? नवऱ्याच्या खोलीत बसणार? आरसा करून स्वतःला बांधून घेताय.

जुनी_दाढ

मुद्दा बरोबर आहे. त्या दिवशी पुढची खोली त्याला द्यायची. पण दोघांचा रोजचा आठ तासांचा दिवस विरुद्ध त्याचा महिन्यातला एखादा. ज्याचं त्याने ठरवावं.

ओळंबा

पॅसेज उजवीकडे आहे ते चांगलं, ड्रेन त्याच्याखालूनच संडासाला नेता येईल. पण ६ इंच उचलायचेच असतील तर सगळा मागचा भाग उचला. नुसत्या खोल्या उचलल्या तर प्रत्येक दारात पायरी, म्हातारं माणूस भूल उतरायच्या आत अडखळणार. उताराने चढवायचं तर १२ ला १ धरून ६ फूट लांब रॅम्प, तो वेटिंगच्या ८ फुटांतून खाईल. डावीकडची भिंत बाहेरची आहे का? असेल तर डोक्याच्या बाजूने पाच-सहा फुटांत पाइप बाहेर निघतो आणि काही उचलावंच लागत नाही.

निखळ_सत्य

कॉम्प्रेसर संडासाच्या पोटमाळ्यावर टाका. आवाज नाही, जागा फुकट.

जुनी_दाढ

आवाज जाईल, बरोबर. पण कॉम्प्रेसर तिथली दमट, घाण हवा ओढणार, आणि तीच टर्बाइनमधून पेशंटच्या तोंडात. तिथेच सक्शनची मोटर बसवलीत तर तिचा उच्छ्वासही हाच ओढणार. कोरड्या, हवेशीर जागी ठेवा, बाहेरच्या गॅलरीत पिंजरा करून चालेल. सक्शनची हवा वेगळ्या पाइपाने बाहेर सोडा.

दंतमंजिरी

डावीकडे बोळ आहे. पण तिथे फक्त पावसाच्या पाण्याचा पाइप दिसतो.

आणि एक: ऑटोक्लेव्ह एकच घेतोय, पुरेल ना दोघांना?

ओळंबा

पावसाच्या पाइपात सोडू नका, सांडपाण्याच्या लाइनला वेगळा उतरवा. मालकाची लेखी परवानगी घ्या, भिंतीला भोक पडणार आहे.

जुनी_दाढ

ऑटोक्लेव्ह पुरेल, सेट पुरणार नाहीत. घासणं, भरणं, सायकल, सुकणं, गार होणं, सगळं धरून एक सेट दोन तासांनी परत हातात येतो. पाउचमध्ये भरून करताय तर व्हॅक्यूमवालाच घ्या, साध्यातून पाउच ओले निघतात. दोघांचे मिळून तासाला तीन पेशंट धरले तर सहा सेट फिरतीवर, दोन चेअरवर, एखाद-दुसरा हाताशी. म्हणजे नऊ-दहा. लोक तपासणीचे ट्रे दहा घेतात आणि हँडपीस तीन. मग अकरा वाजता हँडपीससाठी काम थांबतं.

सुबक

एक्स-रे कुठे लावताय? जिप्समच्या पार्टिशनवर मशिनचा हात टांगू नका, आत जाड प्लायची पट्टी आधी बसवून घ्या.

जुनी_दाढ

सुबक, हे मात्र अगदी कामाचं बोललात. दोन्ही खोल्यांत पट्टी बसवा, मशिन आत्ता एक घेतलं तरी. नाहीतर रूट कॅनॉलच्या मध्येच तोंडात क्लॅम्प आणि रबर डॅम घेऊन पेशंट पॅसेजमधून दुसऱ्या खोलीत जातो. बटण दाबणारा किरणांच्या वाटेबाहेर, सहा फुटांवर किंवा आडोशाला हवा. आणि वेटिंगकडच्या जिप्सम पार्टिशनने किरण अडतात असं समजू नका, तिथे काय भिंत लागेल ते परवाना देणाऱ्यांनाच विचारा.

दंतमंजिरी

सोमवारच्या माणसांना नको म्हणून कळवलंय. टेम्पलेट मागवले, एका चेअरचा आला. तिचं युनिट डावीकडे फिरतं. दुसऱ्या चेअरवाल्याचा फोन लागत नाही. मालक म्हणतोय बोळाकडे भोक नको, पाइपाखाली शेजाऱ्याची मोटारसायकल असते. सहा इंच उचलायचं म्हटलं तर नवरा वैतागलाय.

खालच्या गाळ्याच्या छताला टांगला तर? खाली कापडाचं दुकान आहे.

ओळंबा

कापडाच्या दुकानावर स्पिटूनचं पाणी? जोड एकदा जरी झिरपला तर ताई तुम्हाला चेअर विकावी लागेल. मालकाला बोळात पाइप भिंतीलगत बसवून, वरून पत्र्याचं झाकण लावून दाखवा. मी फोटो टाकतो उद्या.

वाट_पाहणारा

वेटिंग ८ फूट म्हणजे किती खुर्च्या?

जुनी_दाढ

सात-आठ. तुमची एक धरून.