मदत हवी आहे: एडब्ल्यूएसच्या रूट खात्याचा एमएफए असलेला फोन चोरीला गेला, नोंदवलेला नंबरही बंद

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:२०)

आम्ही चौघं मिळून दूध संकलन केंद्रांसाठी सॉफ्टवेअर चालवतो. कोल्हापूर आणि सांगलीकडची ४० केंद्रं रोज सकाळ-संध्याकाळ फॅट आणि लिटरच्या नोंदी आमच्या सर्व्हरवर टाकतात. सगळं एडब्ल्यूएसच्या एकाच खात्यात आहे.

शनिवारी स्वारगेट स्टँडवर भागीदाराचा फोन चोरीला गेला. रूट लॉगिनचा सहा आकडी कोड देणारं ॲप त्यातच होतं आणि त्याचा बॅकअप नव्हता. रूटचा ईमेल आणि पासवर्ड आमच्याकडे आहे, पण कोडशिवाय पुढे जाता येत नाही. पर्यायी मार्गात ते नोंदवलेल्या नंबरवर फोन करतात असं वाचलं. तो नंबर २०२१ मध्ये खातं उघडताना दिलेला, रिचार्ज न केल्यामुळे वर्षभरापूर्वीच बंद पडलाय.

माझा स्वतःचा आयएएम युजर आहे, ॲडमिनचे हक्क आहेत, सर्व्हर नीट चालू आहेत. पण बिलाचं कार्ड संपलंय आणि बिलाची पानं मला दिसत नाहीत. आयएएम युजरना ती दिसण्याची परवानगी रूटनेच द्यावी लागते आणि ती आम्ही कधी दिलीच नव्हती. दोन रात्री झोप नाही. कुणी यातून गेलंय का?

पन्हाळा_९ (सोमवार, रात्री ११:४१)

सोपं आहे. आमच्या एका मुलाचा फोन पाण्यात पडला होता, मी ॲडमिनमधून त्याचा एमएफए काढला, पाच मिनिटांत काम झालं:

```
aws iam deactivate-mfa-device --user-name <नाव> --serial-number <arn>
```

कृष्णाकाठ (सोमवार, रात्री ११:४८)

हे करून बघितलं दादा. रूटसाठी द्यायला युजरचं नावच नाही.

सर्व्हरवाली (मंगळवार, सकाळी ७:०५)

पन्हाळा_९ यांची कमांड आयएएम युजरसाठी बरोबर आहे, पण रूट हा आयएएम युजर नाही. कितीही मोठा ॲडमिन असला तरी त्याला रूटचा एमएफए काढता येत नाही.

कृष्णाकाठ, उपाय सांगण्याआधी दोन प्रश्न. रूटचा ईमेल कोणत्या डोमेनवर आहे आणि ते डोमेन कुठे नोंदवलंय? आणि चोरीला गेलेल्या फोनवर ती मेलपेटी लॉगिन होती का?

कृष्णाकाठ (मंगळवार, सकाळी ७:३२)

डोमेन आमचंच, याच खात्यातून एडब्ल्यूएसच्या रूट ५३ या डोमेन सेवेत घेतलेलं. मुदत १७ दिवसांनी संपते. आणि हो, मेल त्या फोनवर उघडीच होती.

सर्व्हरवाली (मंगळवार, सकाळी ८:१०)

मग क्रम महत्त्वाचा आहे.

आधी मेल. ॲडमिन पॅनेलमधून त्या पेटीचं सगळ्या उपकरणांवरचं लॉगिन तोडा आणि पासवर्ड बदला. रूटचा पासवर्ड मेलवरून नव्याने ठरवता येतो. एमएफए हरवल्यावर जो पर्यायी मार्ग आहे, तो मेलवरची लिंक आणि फोनवरचा कॉल या दोनच गोष्टींवर उभा आहे. म्हणजे ज्या वाटेने तुम्ही आत जाणार, त्याच वाटेने मेल आणि नंबर हाती असलेला कुणीही जाऊ शकतो. तुमचा जुना नंबर बंद होऊन वर्ष झालंय. असे नंबर काही महिन्यांनी दुसऱ्याला दिले जातात, त्यामुळे तो आज कुणाच्या खिशात आहे हे तुम्हाला माहीत नाही.

आता नंबर. तुमचं सगळं अडलंय असं तुम्हाला वाटतंय, पण संपर्काचा मुख्य नंबर बदलायला रूट लागत नाही. ॲडमिन हक्क असलेला आयएएम युजर तो बदलू शकतो. टर्मिनलमधून करा:

```
aws account get-contact-information --query ContactInformation --output json > contact.json
```

फाइलमध्ये फक्त `PhoneNumber` बदला, +91 सकट. नाव, पत्ता, पिनकोड आहे तसाच राहू द्या, कारण परत पाठवताना पत्त्यासकट सगळी माहिती एकत्र द्यावी लागते.

```
aws account put-contact-information --contact-information file://contact.json
```

मग रूट म्हणून लॉगिन करा, कोड मागितला की `Troubleshoot MFA`, आणि तिथून पर्यायी मार्ग निवडा. मेलवर लिंक येईल, नंतर स्क्रीनवर आकडे दिसतील आणि नव्या नंबरवर कॉल येईल. ते आकडे फोनच्या कीपॅडवर दाबायचे.

हे १७ दिवसांच्या आत उरका. कार्ड संपलेलं असताना डोमेनचं नूतनीकरण होणार नाही. डोमेन गेलं की मेल बंद, आणि मेल बंद झाली की पडताळणीची लिंकही येणार नाही.

जुना_खेळाडू (मंगळवार, सकाळी १०:२५)

एवढं कशाला? नोव्हेंबर २०२४ पासून ऑर्गनायझेशन्समध्ये रूटचा कारभार मध्यवर्ती खात्यातून करता येतो. खालच्या खात्याचा रूट पासवर्ड, एमएफए, सगळं काढून टाकता येतं. आणि सिक्युरिटीचा पर्यायी संपर्क म्हणून नवा नंबर टाका, त्यावर कॉल येईल.

सर्व्हरवाली (मंगळवार, सकाळी ११:००)

ती सोय आहे आणि चांगली आहे, पण फक्त सदस्य खात्यांसाठी. यांचं खातं एकटंच आहे. उद्या ऑर्गनायझेशन बनवली तरी जे खातं मुख्य असेल त्याच्या रूटला ती लागू होत नाही. आणि पर्यायी संपर्क बिल, ऑपरेशन, सिक्युरिटीच्या सूचनांसाठी असतात. पडताळणीचा कॉल मुख्य संपर्काच्याच नंबरवर येतो.

शिवार (मंगळवार, दुपारी १:१५)

माझं प्रकरण याहून वाईट. रूटचा ईमेल म्हणजे सोडून गेलेल्या भागीदाराचा खासगी पत्ता, आणि तो फोन उचलत नाही. माझ्याकडे ॲडमिन आहे. नंबर बदलून उपयोग होईल का?

सर्व्हरवाली (मंगळवार, दुपारी २:४०)

नाही. लिंक त्याच्याच मेलवर जाणार, आणि एकट्या खात्याचा रूट ईमेल बदलायला रूट लॉगिनच लागतं. एडब्ल्यूएस सपोर्टचा लॉगिन न करता भरायचा फॉर्म आहे, तिथून सुरुवात करा. कंपनीची नोंदणी, जुनी बिलं, भागीदार बाहेर पडल्याचा कागद जवळ ठेवा.

जुना_खेळाडू (मंगळवार, दुपारी ३:०५)

फॉर्मच्या बाबतीत मी अनुभवी आहे. माझ्याकडून ओळखपत्र आणि नोटरी केलेलं प्रतिज्ञापत्र मागितलं होतं. पण खातं माझ्या नावावर होतं. शिवार, तुमचं कुणाच्या नावावर आहे?

शिवार (मंगळवार, दुपारी ३:२०)

त्याच्याच. बिलं मात्र पहिल्या दिवसापासून कंपनीच्या बँक खात्यातून गेलीत.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री ९:५०)

आत आलो! मेल आधी तोडली, मग नंबर बदलला. पहिला कॉल आलाच नाही. अनोळखी नंबर अडवणारं ॲप माझ्या फोनवर चालू होतं, ते काढल्यावर दुसऱ्यांदा कॉल आला. आकडे दाबले आणि रूट उघडलं. लगेच हरवलेला एमएफए काढला, कार्ड बदललं, आयएएम युजरना बिल बघायची परवानगी दिली, डोमेन दोन वर्षांसाठी वाढवलं. संध्याकाळच्या संकलनात कुणाला काही कळलंही नाही. सर्व्हरवाली ताई, मनापासून आभार.

आता नवा एमएफए कुठे ठेवायचा? परत एकाच फोनवर नको वाटतंय.

सर्व्हरवाली (मंगळवार, रात्री १०:१५)

रूटला एकापेक्षा जास्त उपकरणं जोडता येतात. २०२२ पासून आठपर्यंत मर्यादा आहे. दोन सिक्युरिटी की घ्या, एक ऑफिसच्या तिजोरीत आणि एक दुसऱ्या भागीदाराच्या घरी. तिसरं म्हणून फोनवरचं ॲप चालेल. रूटचा ईमेल मात्र या डोमेनवरून हलवा, अशा पत्त्यावर जो या खात्यावर अवलंबून नाही. आता रूट हातात आहे तोवरच करा.

CloudTrail मध्ये शनिवारपासूनची रूट लॉगिनही तपासा. प्रदेश us-east-1 निवडा आणि `ConsoleLogin` शोधा.

कृष्णाकाठ (मंगळवार, रात्री १०:५२)

तपासलं. शनिवारी रात्री १०:१२ ला रूटचा एक फसलेला प्रयत्न दिसतोय, आयपी पत्ता पुण्यातल्या मोबाइल नेटवर्कचा. आमच्यापैकी कुणी त्या वेळी प्रयत्न केला होता का, हे भागीदाराला विचारतोय.