३० पानांचा अहवाल माझ्याकडे ३७ पानांचा: चूक पाठवणाऱ्याची की उघडणाऱ्याची?

अक्षरवेडी
सहकाऱ्याने वर्डमध्ये केलेला ३० पानांचा अहवाल पाठवला. माझ्याकडे लिनक्सवर लिब्रेऑफिस रायटर आहे, तिथे तो ३७ पानांचा होतो. अनुक्रमणिकेत प्रकरण ४ पान १७ वर, प्रत्यक्षात ते २१ वर. सह्यांची जागा एकटीच शेवटच्या पानावर. तो म्हणतो तुझं सॉफ्टवेअर बिघडवतं, मी म्हणते तुझी फाईलच नीट नाही. तुम्हाला काय वाटतं?

मोकळा कागद
चूक सरळसरळ पाठवणाऱ्याची. दुसऱ्याने जसंच्या तसं पाहायला हवं असेल तर पीडीएफ करूनच पाठवायचं. त्यात फॉन्टही सोबत जातात आणि पानंही हलत नाहीत. यात वाद घालण्यासारखं काही नाही.

अक्षरवेडी
लिहायचं राहिलं. अहवाल अजून चालू आहे, दोघांनाही त्यात भर घालायची आहे. पीडीएफ शेवटी होईलच.

कळफलक
मग चूक उघडणाऱ्याची. डॉक्स ही वर्डची फाईल आहे. रायटर ती वाचतो, पण पान मांडतो स्वतःच्या हिशेबाने. ज्याला पानं तंतोतंत हवीत त्याने वर्डच वापरावं. फुकटचं वापरायचं आणि वर तक्रारही करायची, हे मला पटत नाही.

जुना मुद्रक
दोघांशीही असहमत. आधी एक गोष्ट पाहा: डॉक्समध्ये पानं नसतातच. त्यात परिच्छेद असतात, त्यांच्या शैली असतात, कागदाचा आकार आणि समास असतात. कोणती ओळ कुठे तुटेल आणि पान कुठे संपेल, हे फाईल उघडणारा प्रोग्राम त्या क्षणी ठरवतो. वर्ड `lastRenderedPageBreak` नावाची खूण ठेवतो खरी, पण ती "मागच्या वेळी माझ्याकडे पान इथे तुटलं होतं" एवढीच नोंद असते, आज्ञा नसते. तेव्हा ३० हा आकडा फाईलचा नाही, सहकाऱ्याच्या संगणकाचा आहे.

आता ७ पानं आली कुठून ते शोधू. मजकुराचा फॉन्ट कोणता आहे? रायटरमध्ये मजकुरावर कर्सर ठेवा. फॉन्टच्या चौकटीतलं नाव तिरप्या अक्षरांत दिसलं, तर तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. मग टर्मिनलमध्ये हे विचारा:

```
fc-match "Calibri"
```

अक्षरवेडी
नाव तिरपंच आहे, `Calibri`. आणि उत्तर हे आलं:

```
NotoSans-Regular.ttf: "Noto Sans" "Regular"
```

जुना मुद्रक
सापडलं. कधीकधी रायटर आधी स्वतःची बदली-फॉन्टची यादी पाहतो, म्हणून खात्रीसाठी फाईल पीडीएफ करून `pdffonts` चालवा. पण बहुधा तिथेही हेच नाव येईल.

हिशेब मांडून दाखवतो. ए-४ कागदाची उंची ८४२ पॉइंट. वर-खाली एकेक इंच समास गेला की उरतात ६९८. ११ पॉइंटच्या कॅलिब्रीची एकेरी ओळ १३.४३ पॉइंट घेते, म्हणजे पानावर ५१ ओळी. त्याच मापाचा नोटो सान्स १४.९८ घेतो, म्हणजे ४६ ओळी. पानामागे ५ ओळी बाहेर. सलग मजकुराच्या ३० पानांच्या १५३० ओळी होतात, त्यांना ४६ ने भागलं की ३४ पानं लागतात. ही झाली नुसती उंची. नोटोची अक्षरं कॅलिब्रीपेक्षा रुंदही आहेत, त्यामुळे ओळीत शब्द कमी मावतात आणि ओळींची संख्याच वाढते. उरलेली ३ पानं तिथली.

यात सहकाऱ्याची फाईलही मोडलेली नाही आणि रायटरही चुकलेला नाही. त्याला जो फॉन्ट मिळाला त्याने पान बरोबरच मांडलं आहे.

शाईपेन
मग उत्तर सोपं आहे. कार्लिटो आणि कॅलेडिया टाका, विषय संपला. कार्लिटोची प्रत्येक अक्षराची रुंदी कॅलिब्रीइतकीच आहे, कॅलेडियाची कँब्रियाइतकी. लिबरेशनचे फॉन्ट टाइम्स न्यू रोमन, एरियल आणि कुरियर न्यूच्या मापाचे. डेबियन किंवा उबंटू असेल तर:

```
sudo apt install fonts-crosextra-carlito fonts-crosextra-caladea
```

लिब्रेऑफिसच्या संकेतस्थळावरून घेतलेल्या आवृत्तीत हे आधीच असतात. वितरणाच्या पॅकेजमधून घेतलं की कधीकधी राहून जातात. चूक वितरणवाल्यांची.

जुना मुद्रक
या फाईलपुरतं ठीक. "विषय संपला" मात्र मान्य नाही. २०२३ पासून मायक्रोसॉफ्टने वर्डचा ठरलेला फॉन्ट बदलून ऍप्टोस केला. सहकाऱ्याने उद्या नव्या वर्डमध्ये कोरी फाईल उघडून लिहायला घेतलं, की कार्लिटोचा काही उपयोग नाही.

कळफलक
मग पाठवणाऱ्याने फॉन्ट फाईलमध्येच घालावा की. `File > Options > Save` मध्ये `Embed fonts in the file` आहे, एक खूण केली की झालं.

जुना मुद्रक
एका खुणेत होत नाही. तिच्याखालीच `Do not embed common system fonts` अशी दुसरी ओळ असते. तिच्यावर खूण राहिली तर कॅलिब्रीसारखे फॉन्ट गाळले जातात, आणि नेमके तेच समोरच्याकडे नसतात. ती काढावी लागते. शिवाय फॉन्टच्या परवान्यात घालायची मुभा नसेल तर वर्ड तो घालतच नाही. पण मुभा असेल तिथे हा चांगला उपाय आहे, रायटर असे फॉन्ट वाचतो.

अक्षरवेडी
कार्लिटो टाकला, रायटर बंद करून पुन्हा उघडला. आता बरोबर ३० पानं! दोन गोष्टी राहिल्या. पान १२ च्या शेवटच्या परिच्छेदाची एक ओळ जास्त होते, त्यामुळे पुढचं मधलं शीर्षक पान १३ वर जातं. आणि प्रकरण ४ पान १७ वर आलं, पण माथ्यावर नाही, वर एक रिकामी ओळ सुटते.

जुना मुद्रक
दुसरी गोष्ट आधी. `Ctrl+F10` दाबा आणि प्रकरण ४ च्या आधी किती ¶ दिसतात ते मोजा.

अक्षरवेडी
अकरा. एकाखाली एक, नुसते रिकामे. म्हणजे पान संपेपर्यंत एंटर दाबत गेलाय. विचारलं तर म्हणाला, मी नेहमी असंच करतो, माझ्याकडे बरोबर दिसतं.

मोकळा कागद
मी पहिल्यापासून सांगतोय, चूक पाठवणाऱ्याची.

जुना मुद्रक
इथे मात्र त्याचीच. अकरा एंटर त्याच्या पानावर बरोबर बसतात. कुठेही एक ओळ वाढली की शेवटचा एंटर पुढच्या पानावर सांडतो आणि शीर्षक खाली ढकलतो. ते अकरा काढा आणि प्रकरणाच्या शीर्षकशैलीतच "आधी पान तोडा" हे लावा, वर्डमध्ये `Page break before`. मग मागे काहीही सरकलं तरी प्रकरण नव्या पानाच्या माथ्यावरच सुरू होतं. आधीच्या प्रकरणाचं एक पान वाढलं तर क्रमांक बदलेल, पण प्रकरणाच्या आतली ओळ न ओळ सावरलेली राहते.

आता पान १२. तो परिच्छेद दोन्ही कडांना जुळवलेला आहे का? आणि हे चालवून पाहा:

```
unzip -p ahaval.docx word/settings.xml | grep -o 'compatibilityMode"[^>]*'
```

अक्षरवेडी
हो, जुळवलेला आहे. शेवटी `w:val="15"` आलं.

जुना मुद्रक
१५ म्हणजे वर्ड २०१३ आणि त्यानंतरची मांडणी. ११ म्हणजे २००३ ची, १२ म्हणजे २००७ ची, १४ म्हणजे २०१० ची. १५ मध्ये वर्ड दोन्ही कडांना जुळवलेल्या ओळीत शब्दांमधल्या जागा थोड्या आवळतो आणि जेमतेम न मावणारा शब्द त्याच ओळीत बसवतो. जुना रायटर जागा फक्त ताणतो, आवळत नाही. तो शब्द खालच्या ओळीत गेला, परिच्छेद एका ओळीने वाढला. शीर्षकाला पुढच्या परिच्छेदासोबत राहायचं असतं, म्हणून तेही पान सोडून गेलं. लिब्रेऑफिसच्या अलीकडच्या आवृत्त्यांत ही आवळण्याची सोय आली आहे. तुमची किती जुनी आहे?

अक्षरवेडी
७.३. नवी घालते.

कळफलक
म्हणजे इथे रायटर कमी पडला, हे मान्य करा.

जुना मुद्रक
मान्य. तुमचा मुद्दा या एका ओळीपुरता खरा आहे. सात पानांपुरता नव्हता.

रेघोटी
कळफलक, तुम्ही म्हणता वर्डच वापरावं. माझ्याकडे दोन्हीकडे वर्डच होतं. ६४ पानांची पुस्तिका एका जुन्या साच्यावरून केली होती, वरच्या पट्टीवर `Compatibility Mode` दिसायचं. मला ते खटकलं म्हणून `File > Info > Convert` केलं. वर्डने मांडणी बदलू शकते असं विचारलं, मी हो म्हटलं. तीन प्रकरणांतले तक्ते पुढच्या पानावर गेले. फॉन्ट तोच, संगणक तोच. मी मूळ प्रत ठेवली नव्हती, सगळं हाताने लावत बसले.

कळफलक
ही वेगळी गोष्ट झाली. तुम्ही स्वतः बदल केला. मी तर म्हणेन रूपांतर करावंच, पण काम सुरू करण्याआधी. जुन्या मांडणीत अडकून किती दिवस राहणार?

जुना मुद्रक
मी उलट सांगेन. पानं लावून झालेल्या फाईलला हात लावू नका. ती जुनी मांडणी जुन्या ओळी सांभाळण्यासाठीच आहे.

वेलांटी
मराठी मजकुरासाठी एक सुचवते. आमच्याकडे मंगल होता, दुसरीकडे तो नव्हता, तिथे देवनागरीसाठी भलताच फॉन्ट आला. ओळींच्या उंचीत एवढा फरक की पानं ओळखू येईनात. मी ओळींमधलं अंतर एकेरी न ठेवता `Exactly` करून १८ पॉइंट ठरवलं. मग फॉन्ट कुठलाही येवो, पानावर ओळी तेवढ्याच. सगळ्यांनी हेच का करू नये?

शाईपेन
कारण "र्कीं" सारखं अक्षर आलं की वरचा रफार, वेलांटी आणि अनुस्वार पडद्यावर कापले जातात. माझ्याकडे झालंय. आणि ओळीत बसवलेलं चित्र असेल तर त्याची १८ पॉइंटची पट्टीच दिसते, बाकी गायब.

वेलांटी
चित्राच्या परिच्छेदाला वेगळी शैली देते मी. रफार १८ वर कापला गेला नाही अजून, माझा मजकूर १२ पॉइंटचा आहे.

जुना मुद्रक
१२ ला १८ चालू शकेल, पण ते फॉन्टवर आहे. समोरच्याकडे कोणता येईल हेच माहीत नसताना उंची बांधून टाकणं मी करणार नाही. रुंदीचा प्रश्नही त्याने सुटत नाही, ओळी वेगळ्या तुटणारच. रायटरमध्ये आणखी एक पाहा: देवनागरीचा फॉन्ट लॅटिनपासून वेगळा नोंदवलेला असतो. वरून कॅलिब्री बरोबर दिसला तरी मराठी मजकुराचा फॉन्ट गैरहजर असू शकतो, म्हणून कर्सर मराठी शब्दावर ठेवूनच नाव तपासा.

अक्षरवेडी
नवी आवृत्ती घातली, पान १२ जागेवर आलं. अकरा एंटर काढून शैलीत पान तोडलं, सहकाऱ्याच्या वर्डमध्येही तपासलं, प्रकरण ४ दोघांकडे १७ च्या माथ्यावर. पान २३ वरच्या तक्त्याची शेवटची रांग अजून माझ्याकडे पुढच्या पानावर जाते. त्यात कॅलिब्रीच आहे, रिकामे एंटरही नाहीत. आणि पुढचा अहवाल त्याने ऍप्टोसमध्ये सुरू केलाय. कॅलिब्रीत कर म्हटलं तर म्हणतो, वर्ड जे देतं ते मी का बदलू.