शब्दचर्चा: व्हीएमचं नेटवर्क ‘स्लगिश’, म्हणजे संथ, सुस्त की अडखळतं?

बार्शीरोड: लातूरच्या एका पतसंस्थेच्या सर्व्हरसाठी मराठीत टिपण लिहितेय. व्हीएमचं, म्हणजे सर्व्हरच्या आत चालणाऱ्या आभासी संगणकाचं, नेटवर्क ‘स्लगिश’ वाटलं तर काय बघायचं, असा त्यात एक भाग आहे. ‘संथ’ लिहिलं तर तक्रारच वाटत नाही, ‘मंद’ पुस्तकी वाटतं. तिथले कारकून म्हणतात, “ताई, खातं उघडंना, थांबू थांबू चालायलंय.”

प्रकार असा: विंडोज सर्व्हर २०१९, त्यावर हायपर-व्ही, एक गिगाबिटचं कार्ड. होस्टवर, म्हणजे मूळ सर्व्हरवर, फाईल ओढली तर सेकंदाला ११० एमबीच्या आसपास येते. तीच फाईल व्हीएममध्ये ओढली की ४-५ एमबी, तीही मधेच थबकत. व्हीएममधून बाहेर पाठवायला काही अडचण नाही. ‘ऑफलोड’लाही शब्द सुचवा.

पैठणगेट: ‘सुस्त’ लिहा की. आमच्या संभाजीनगरात हा शब्द सगळ्यांच्या तोंडी आहे, अर्थही नेमका तोच. ऑफलोडला ‘उतराई’. मोंढ्यात ट्रकमधले कट्टे उतरवतात, तसा प्रोसेसरवरचा भार उतरवायचा.

उपाय म्हणाल तर व्हीएमला थेट नेटवर्कवर जोडणारा ब्रिज काढून नॅट लावा, म्हणजे व्हीएम होस्टच्या पत्त्याआडून बाहेर जाईल, नाहीतर होस्टच्या कार्डाचे सगळे ऑफलोड बंद करा. मी दोन्ही करून बघितलंय, चालतं.

गोदाकाठ: माझंही हेच हो! लॅपटॉपवर व्हर्च्युअलबॉक्स, ब्रिज्ड अडॅप्टर वाय-फायवर. कॉलेजच्या नेटवर व्हीएमला कधी आयपी मिळतो, कधी मिळतच नाही. मिळाला तरी लई रेंगाळतं. ऑफलोड कुठून बंद करू?

पूर्णा_जंक्शन: गोदाकाठ, तुमचं दुखणं वेगळं आहे, त्याला इथलं औषध लागू नाही. वाय-फायचा अ‍ॅक्सेस पॉइंट जोडलेल्या लॅपटॉपचाच मॅक पत्ता ओळखतो. व्हीएमचा दुसरा पत्ता त्याला मान्य नसतो, म्हणून व्हर्च्युअलबॉक्स प्रत्येक पॅकेटवर लॅपटॉपचा पत्ता चिकटवून वेळ मारून नेतं. काही नेटवर्कवर ते चालतं, काहींवर नाही. तुम्ही केबल लावा, नाहीतर नॅट वापरा. तुमच्यापुरतं पैठणगेट यांचं म्हणणं बरोबर आहे.

पतसंस्थेत मात्र नॅट लावलं तर काउंटरवरच्या संगणकांना सर्व्हर सापडणारच नाही, प्रत्येक पोर्ट हाताने उघडत बसावं लागेल.

ताई, ‘सुस्त’ लिहू नका. त्यातून बिघाड कुठला ते कळत नाही. तुमच्या कारकुनांचा शब्द जास्त नेमका आहे. सतत एकाच कमी वेगाने चाललं तर ‘संथ’ म्हणा. असं असेल तर केबल १०० एमबीपीएसवर अडकलीय का ते बघायचं. पिंगलाच वेळ लागत असेल तर ‘उशिरा उत्तर देतं’ म्हणा. तेव्हा व्हीएमक्यूवर, म्हणजे कार्डात व्हीएमसाठी पॅकेटांची वेगळी रांग ठेवणाऱ्या सोयीवर, संशय घ्यायचा, कारण काही एक गिगाबिट कार्डांच्या ड्रायव्हरमध्ये ते नीट चालत नाही. आणि पिंग चांगला, पण मोठी फाईल थबकत येते, तीही एकाच दिशेने, तर ते ‘अडखळतं’. ही शेवटची खूण पॅकेट जोडणाऱ्या-तोडणाऱ्या सोयींकडे बोट दाखवते. तुमचा पिंग कसा आहे?

बार्शीरोड: पिंग एक मिलिसेकंदाच्या आत, एकही चुकत नाही. कार्डाच्या सेटिंगमध्ये आरएससी, म्हणजे येणारी पॅकेटं जोडायची सोय, बंद करून पाहिलं, काडीचा फरक नाही.

पूर्णा_जंक्शन: नाहीच पडणार, कारण तिथे जोडकाम कार्ड करत नसून स्विच करतोय. हायपर-व्हीत ‘ब्रिज्ड’ असं कुठे लिहिलेलं नसतं. एक्स्टर्नल स्विच म्हणजेच तिथला ब्रिज. सर्व्हर २०१९ पासून हा स्विच आत येणारी एकाच प्रवाहातली टीसीपी पॅकेटं स्वतःच जोडून मोठा तुकडा करतो आणि मग व्हीएमकडे देतो. एक्स्टर्नल स्विचवर हे मुळातच चालू असतं. हेतू चांगला आहे, प्रोसेसरचं काम वाचतं. पण काही ड्रायव्हरांशी त्याचं जमत नाही. मग व्हीएमला तुकडे नीट मिळत नाहीत, पाठवणारा तेच पुन्हा पाठवतो, आणि दर वेळी टीसीपी हात आखडता घेतो. तुमची फाईल थबकते ती बहुधा यामुळे.

बाहेर जाताना उलटं घडतं. व्हीएम ६४ केबीपर्यंतचा तुकडा एकदम देतं आणि त्याचे १४६० बाइटचे भाग पुढे कार्ड करतं. तुमच्याकडे जाणारी बाजू धड आहे, म्हणून तिकडे हात लावू नका.

आधी मोजा. काउंटरच्या एका संगणकावर `iperf3 -s` चालू ठेवा आणि व्हीएममधून दोन्ही दिशा बघा. पत्ता तुमचा घाला:

```
iperf3 -c 192.168.1.20
iperf3 -c 192.168.1.20 -R
```

दुसऱ्या ओळीत डेटा व्हीएमकडे येतो. त्या ओळीचाच आकडा कमी आला तर होस्टवर हे:

```
Get-VMSwitch | Select-Object Name, *Rsc*
Set-VMSwitch -Name "LAN" -EnableSoftwareRsc $false
```

“LAN” च्या जागी तुमच्या स्विचचं नाव. मग तीच चाचणी परत.

पैठणगेट: पण सगळे ऑफलोड एकदम बंद केले तर काय बिघडतं? एवढं शोधत बसायला वेळ कुणाला आहे?

पूर्णा_जंक्शन: एक गिगाबिटवर फारसं बिघडत नाही, दहा गिगाबिटवर प्रोसेसरचा घाम निघतो. आणि सगळं एकदम बंद केलं की दोष नेमका कशात होता ते कधीच कळत नाही. पुढच्या वेळी ड्रायव्हर बदलला की पुन्हा अंधारात चाचपडणं.

‘उतराई’बद्दलही माझी हरकत आहे. मोंढ्यात कट्टे उतरले की काम संपतं. इथे काम संपत नाही, प्रोसेसरऐवजी कार्डाने करायचं एवढंच. शिवाय उतराई होणं म्हणजे उपकार फेडणं, वाचणारा तिकडेच जाईल.

पैठणगेट: मग ‘हमाली’ म्हणा, ‘कार्डाकडे हमाली सोपवणे’! पण खरं सांगू, उतराई मला अजूनही आवडतो.

बार्शीरोड: चाचणी केली. जाताना ९४० एमबीपीएस, येताना ३५-४० आणि मधेच शून्य. स्विचचं आरएससी बंद केल्यावर येतानाही ९३० च्या पुढे. काउंटरवरून फोन आला, “आता लगेच उघडायलंय.” टास्क मॅनेजरमध्ये प्रोसेसर फारसा वाढलेला दिसला नाही.

टिपणात लिहिलंय: ‘पिंग नीट, पण मोठी फाईल व्हीएममध्ये येताना अडखळते’. ऑफलोडला ‘ऑफलोड’च ठेवते, पडद्यावर तोच शब्द दिसतो. खाली एक ओळ टाकलीय, की नवीन एक्स्टर्नल स्विच केला तर ही सोय पुन्हा चालू असेल, आधी ते बघा.

गोदाकाठ: नॅट लावलं, नेट चालू झालं. पण मला लॅपटॉपवरून व्हीएमच्या वेबसर्व्हरला जायचंय, आता ते दिसंना.

पूर्णा_जंक्शन: व्हर्च्युअलबॉक्समध्ये दुसरा अडॅप्टर होस्ट-ओन्लीचा जोडा आणि त्याच्या पत्त्यावर जा. बाहेरच्या नेटसाठी नॅट तसाच राहू द्या.

बार्शीरोड: एक कोडं राहिलंच. शाखेतल्या दुसऱ्या सर्व्हरवर हेच २०१९, हेच कार्ड आणि स्विचचं आरएससी चालू. तिथे काहीच अडखळत नाही.

पूर्णा_जंक्शन: कार्ड तेच असलं तरी ड्रायव्हर तोच असेल असं नाही. दोन्हीकडे हे चालवून आकडे इथे टाका, मग बोलू:

```
Get-NetAdapter | Select-Object Name, DriverVersion, DriverDate
```