अनुभव धागा: अभ्यासक्रम बदलल्यावर राहिलेला पेपर जुना द्यायचा की नवा?

वसुधा_राजारामपुरी
काल कागलहून आलेल्या भाचीचा परीक्षा अर्ज भरताना एकाच विषयाच्या नावापुढे दोन वेगळे संकेतांक दिसले आणि माझ्या बी. कॉम.च्या दिवसांतला प्रश्न पुन्हा समोर आला. मी भाग दोनमध्ये असताना भाग एकचा अभ्यासक्रम बदलला होता आणि माझा दुसऱ्या सत्राचा लेखांकनाचा पेपर राहिलेला होता. वर्गात कोणी म्हणे जुनेच पुस्तक वाच, कोणी म्हणे नवे घे. शेवटी उत्तर मिळाले ते सुधारित अभ्यासक्रमासोबत शिवाजी विद्यापीठाकडून महाविद्यालयांना येणाऱ्या परिपत्रकात. सुधारणेपूर्वीच्या अभ्यासक्रमावर कोणत्या दोन परीक्षांसाठी प्रश्नपत्रिका काढल्या जातील आणि ही संधी पुनर्परीक्षार्थींसाठी आहे, असे त्यात शेवटाकडे महिन्या-वर्षासह लिहिलेले असते. अभ्यासक्रमाची पाने सगळे उतरवून घेतात, पण हे पहिले पत्र फारसे कोणी वाचत नाही. आपापले अनुभव कृपया लिहावेत.

गडहिंग्लजकर
माझ्या माहितीप्रमाणे नियम सरळ आहे. ज्या वर्षी प्रवेश घेतला त्या वर्षीचा अभ्यासक्रम पदवी मिळेपर्यंत लागू राहतो. माझ्या थोरल्या भावाने नवा अभ्यासक्रम आल्यानंतरही जुनाच पेपर दिला आणि तो उत्तीर्ण झाला.

निवृत्त_परीक्षा_लिपिक
गडहिंग्लजकर, आपल्या भावाचा पेपर त्या दोन परीक्षांच्या मुदतीत आला असणार. जो विद्यार्थी न अडखळता पुढे जातो त्याच्याबाबतीत आपले म्हणणे खरे ठरते, कारण सुधारणा एकदम तिन्ही वर्षांना लागू होत नाही, ती दरवर्षी एक भाग वर सरकते. त्यामुळे त्याच्या पुढे नेहमी जुनाच अभ्यासक्रम असतो. मागे राहिलेल्या पेपराला मात्र हे संरक्षण मर्यादित काळच मिळते.

समजा, भाग एकचा नवा अभ्यासक्रम जून 2022 पासून, भाग दोनचा जून 2023 पासून आणि भाग तीनचा जून 2024 पासून लागू झाला. मग भाग एकच्या जुन्या प्रश्नपत्रिका ऑक्टोबर-नोव्हेंबर 2022 आणि मार्च-एप्रिल 2023 या दोन परीक्षांना निघतील, भाग दोनच्या त्यानंतरच्या वर्षी आणि भाग तीनच्या 2024-25 मध्ये. आता एखाद्या मुलीचा पहिल्या सत्राचा एक आणि पाचव्या सत्राचा एक असे दोन पेपर राहिले आहेत असे धरा. पाचव्या सत्राचा अभ्यास ताजा असतो म्हणून ती आधी तो देते आणि पहिल्या सत्राचा पुढे ढकलते. वास्तविक पहिल्या सत्राची मुदत दोन वर्षे आधी संपते. माझ्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत हाच उलटा क्रम सर्वांत जास्त दिसे. मुदत संपल्यावर समकक्ष म्हणून ठरवलेला नवा पेपर द्यावा लागतो. सुधारित अभ्यासक्रमाच्या शेवटी जुन्या पेपरासमोर नवा पेपर दाखवणारा तक्ता बहुधा जोडलेला असतो, तो अवश्य पाहावा.

स्पर्धा_परीक्षा_शाहूपुरी
आमच्याकडे राज्यसेवेला अशी सवलत कोणालाच नाही. मुख्य परीक्षा वर्णनात्मक करण्याचा निर्णय विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर 2025 पर्यंत पुढे ढकलला गेला, परंतु तो लागू झाल्यावर आधी कितीही वेळा परीक्षा दिलेल्या उमेदवाराला जुन्या बहुपर्यायी पद्धतीचा पेपर मागता येत नाही.

निवृत्त_परीक्षा_लिपिक
आपले बरोबर आहे, पण तिथे प्रत्येक जाहिरातीची परीक्षा स्वतंत्र असते. मागील वर्षीचा एखादा पेपर राहिला आणि तेवढाच द्यायचा, असा प्रकारच नाही. धाग्याचा प्रश्न अर्धवट राहिलेल्या पदवीचा आहे.

इचलकरंजीची_मीनल
मुदत संपल्यानंतर मी समकक्ष पेपर दिला आहे, म्हणून लिहिते. पेपरचे नाव जवळजवळ तेच असल्याने जुन्याच वहीवर भागेल असे सगळे मला सांगत होते. मी दोन्ही अभ्यासक्रम शेजारी ठेवून घटक जुळवले, तेव्हा चारपैकी दोनच घटक समान निघाले. पुस्तकांच्या दुकानात मिळणारे जुन्या प्रश्नपत्रिकांचे संच तर फारच फसवे, कारण त्यांतील प्रश्नांची रचना आणि गुणांची विभागणी आधीच्या आराखड्याची होती. दुसरे म्हणजे, माझ्या जुन्या पेपराला 40 गुणांची लेखी परीक्षा आणि 10 गुणांचे अंतर्गत मूल्यमापन होते. अंतर्गतमध्ये मी आधीच उत्तीर्ण असल्यामुळे ते गुण कायम राहतील की नव्याने प्रकल्प द्यावा लागेल, हे मी महाविद्यालयामार्फत लेखी विचारले आणि लेखीच उत्तर घेतले. ते कागद निकालाच्या वेळी उपयोगी पडले.

आर्टिकलशिप_चालू
सी. ए.मध्ये हे स्थित्यंतर याहून कडक होते. नव्या योजनेची इंटरमिजिएट आणि फायनल परीक्षा मे 2024 पासून सुरू झाली आणि नोव्हेंबर 2023 नंतर जुनी योजना बंद झाली. इंटरमिजिएटचे आठ पेपर सहावर आले आणि प्रत्येक पेपरात 30 गुण बहुपर्यायी प्रश्नांना गेले. कॉस्टिंग पूर्वी पहिल्या ग्रुपमध्ये होते, ते दुसऱ्यात गेले. म्हणून ‘माझा एक ग्रुप झाला आहे’ एवढे म्हणून भागत नव्हते, कोणत्या पेपरातून सूट मिळते हे पेपरनिहाय पाहावे लागे.

करविषयक पेपर असणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. जुना अभ्यासक्रम म्हणजे जुना कायदा नव्हे. अभ्यासक्रम फक्त विषय ठरवतो, कायदा कोणत्या तारखेपर्यंतचा धरायचा हे परीक्षेनुसार ठरते. आमच्याकडे मे महिन्याच्या परीक्षेला आदल्या वर्षीच्या 31 ऑक्टोबरपर्यंतच्या अधिसूचना लागू असत. विद्यापीठाच्या आयकराच्या पेपरालाही कोणते करनिर्धारण वर्ष धरायचे ते शिक्षकांना आधी विचारावे.

वसुधा_राजारामपुरी
मीनलताई, भाचीसाठी आपला मजकूर उतरवून घेतला आहे. तिचा पेपर आयकराचा नाही, तरीही ही सूचना मोलाची आहे.

करवीर_पालक
आमच्या मुलाला परीक्षागृहात नव्या अभ्यासक्रमाची प्रश्नपत्रिका दिली गेली. महाविद्यालयाचे नाव लिहीत नाही. तो पुनर्परीक्षार्थी आहे हे पर्यवेक्षकांच्या लक्षात आले नाही, कारण त्या वर्गात बाकी सर्वजण नियमित होते. त्याने पहिल्या पाच मिनिटांत प्रवेशपत्रावरील संकेतांक प्रश्नपत्रिकेवरील संकेतांकाशी ताडून पाहिला, म्हणून योग्य प्रश्नपत्रिका मागवता आली आणि गेलेला वेळ वाढवून मिळाला. केवळ विषयाचे नाव पाहिले असते तर काहीच कळले नसते, कारण ते दोन्हींवर सारखेच होते.

पन्हाळा_रोड
माझा प्रश्न थोडा वेगळा आहे. बाळंतपणामुळे मी भाग एक पूर्ण करून शिक्षण थांबवले. भाग एकमध्ये माझा एकही पेपर राहिलेला नाही. आता भाग दोनला प्रवेश घ्यायचा आहे आणि तो नव्या आराखड्यात गेला आहे. मला जुना भाग दोन मिळेल का?

निवृत्त_परीक्षा_लिपिक
ताई, जुन्या प्रश्नपत्रिका पुनर्परीक्षार्थींसाठी असतात आणि आपण भाग दोनची परीक्षा अजून दिलेलीच नाही. त्यामुळे आपल्याला नवा भाग दोनच शिकावा लागेल असे मला वाटते. प्रश्न उरतो तो आपल्या भाग एकच्या श्रेयांकांचा, कारण 2024-25 पासून संलग्न महाविद्यालयांत राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाचा आराखडा आल्यावर विषयांची मांडणीच बदलली आहे. ते जसेच्या तसे धरले जातील की एखादा जादा विषय पूर्ण करावा लागेल, हे पात्रता ठरवताना प्रकरणागणिक पाहिले जाते. प्रवेशशुल्क भरण्यापूर्वी प्राचार्यांमार्फत अर्ज करून, सोबत दोन्ही सत्रांच्या गुणपत्रिका जोडाव्यात.

गडहिंग्लजकर
भावाला विचारले. त्याचा पेपर खरोखरच दुसऱ्या आणि शेवटच्या संधीतला होता. पण त्याच्या एका मित्राला मुदतीनंतरही आणखी एक जुना पेपर मिळाल्याचे तो सांगतो. हे कसे झाले असेल?

निवृत्त_परीक्षा_लिपिक
विद्यार्थ्यांची संख्या आणि मागणी पाहून कधी कधी विशेष संधी जाहीर होते, आणि तेव्हा तिचे वेगळे परिपत्रक निघते. ते निघेलच असे धरून मात्र कोणी अर्ज भरायचा थांबू नये.