मदत हवी आहे: अल्फा 1 केला की चूक शून्य येते, हे बरोबर आहे का?

सायली_कराड
नमस्कार. बहिणीच्या डेअरीत आठवड्याला किती पनीर मागवायचं, याचा अंदाज बसवतेय. कमी पडलं तर गिऱ्हाईक परत जातं आणि उरलं तर नासतं. सहा आठवड्यांची विक्री किलोत अशी आहे: 50, 60, 45, 55, 40, 60. एक्स्पोनेन्शियल स्मूदिंग वापरलं. अल्फा वेगवेगळा घेऊन, वजा-अधिक न बघता चुकांची सरासरी काढली. 0.2 ला 6.99 किलो आली, 0.8 ला 2.45 आणि 1 ला चक्क 0! मग 1 च घ्यायचा का? विक्री B मध्ये आहे, पहिला आठवडा B2 ला, अल्फा F1 मध्ये.

```
C2: =B2
C3: =$F$1*B3+(1-$F$1)*C2
D3: =ABS(B3-C3)
```

नितीन_प
अल्फा सहसा 0.1 ते 0.3 मध्ये ठेवतात, 1 घेऊ नका. पण एक सांगतो, मी एक्सेलच्या डेटा अ‍ॅनालिसिसमधून केलं तेव्हा मला 0.8 लाच चांगलं उत्तर आलं होतं. त्यामुळे तुमचं 0.8 सुद्धा चालेल.

जुना_भांडारपाल
सायलीताई, सूत्र ठीक आहे, चूक मोजताना एक ओळ सरकली आहे. C3 मध्ये दुसऱ्या आठवड्याची विक्री आधीच मिसळलेली आहे आणि तुम्ही तिची तुलना त्याच विक्रीशी करताय. म्हणजे बाजार उठल्यावर केलेला अंदाज. अल्फा 1 ला C3 म्हणजेच B3, मग चूक उरणार कुठून? दुसऱ्या आठवड्याची ऑर्डर देताना तुमच्या हातात फक्त C2 होता. म्हणून:

```
D3: =ABS(B3-C2)
```

0.2 ने हाताने करून बघा. दुसऱ्या आठवड्याचा अंदाज 50, विक्री 60, चूक 10. मग 0.2 गुणिले 60 अधिक 0.8 गुणिले 50, म्हणजे तिसऱ्याचा अंदाज 52. विक्री 45, चूक 7. असं करत पाच चुकांची सरासरी 8.74 येते. 0.8 ला तीच 12.24 आणि 1 ला 14. क्रम अख्खा उलटला. तुमची विक्री वर-खाली उड्या मारते. मोठा अल्फा प्रत्येक उडीमागे धावतो आणि पुढच्या आठवड्यात तोंडावर पडतो.

नितीनराव, त्या खिडकीत जो आकडा विचारतात तो 'Damping factor', म्हणजे 1 वजा अल्फा. तुम्ही 0.8 भरलात तेव्हा अल्फा 0.2 होता.

नितीन_प
अरे! दोन वर्षं उलटंच समजत होतो. धन्यवाद.

छत्रीवाला
माझंही असंच. छत्र्यांचं दुकान आहे. मे महिन्यापासून खप चढत जातो. ओळ बरोबर धरूनही 0.9 च चांगला येतो, आणि तरी माल कमीच पडतो. माझीही ओळ सरकली असेल का?

जुना_भांडारपाल
नाही, तुमचं दुखणं वेगळं आहे. खप दर आठवड्याला 10 नगांनी चढत असेल, तर अल्फा 0.5 ला अंदाज काही आठवड्यांनी कायम 20 नगांनी मागे राहतो. चढ भागिले अल्फा, इतका. अल्फा 1 घेतला तरी 10 राहतातच. चुका सगळ्या एकाच बाजूच्या येत असतील तर अल्फा बदलत बसू नका. चढ वेगळा धरणारी होल्ट यांची पद्धत घ्या.

सायली_कराड
दादा, ओळ दुरुस्त केली, तुमचेच आकडे आले. पण आता दुसऱ्या टोकाला गेले. 0.1 ला 8.34 आणि 0 ला 8. म्हणजे विक्रीकडे बघायचंच नाही का?

जुना_भांडारपाल
तो पहिल्या आकड्याचा योग आहे. तुमची सुरुवात 50 ने झाली आणि सहा आठवड्यांची सरासरी 51.67 आहे, त्यामुळे तिथेच बसून राहणं फायद्याचं दिसतं. पहिला आठवडा 65 चा असता तर 0 ला 13 आणि 0.2 ला 10.61 आली असती. सहा आठवड्यांवर अल्फा ठरवणं मला पटत नाही. वहीतले निदान तीस-चाळीस आठवडे काढा आणि पहिले पाच-सहा आठवडे चुकांच्या सरासरीत धरू नका, म्हणजे सुरुवातीचा आकडा विरून जाईल.

नितीन_प
चुकांचे वर्ग करून सरासरी घेतली तर? तीच खरी पद्धत ना?

जुना_भांडारपाल
तीच खरी असं नाही. वर्ग केले की एखादी 20 किलोची चूक बाकी सगळ्यांवर भारी पडते. लग्नाची एक मोठी ऑर्डर आली की अल्फा तिच्याच नादाने ठरेल. डेअरीला मी साध्या चुकांची सरासरीच धरेन.

सायली_कराड
आमच्याकडे लग्नाच्या ऑर्डरी वहीत रोजच्या विक्रीतच लिहिल्यात. आज रात्री वेगळ्या काढायला बसते. पण कमी पडलेलं पनीर जास्त महागात पडतं. दहा किलो कमी आणि दहा किलो उरलं, हे दोन्ही सारखंच मोजायचं?

जुना_भांडारपाल
अंदाज सरळ ठेवा आणि वर थोडा राखीव माल धरा, असं मी करायचो. पण दोन दिवसांत नासणाऱ्या मालाला किती राखीव ठेवायचा, हे मी कधी केलेलं नाही. माझा माल नट-बोल्टचा होता. डेअरीवालं कुणी असेल तर सांगावं.